आधी कोणते दप्तर उघडावे?

विद्यार्थी मित्रांनो, एका कोड्यापासून सुरुवात करू. परीक्षा मंडळाच्या एका खोलीत तीन मोठी दप्तरे आहेत असे समजा. पहिल्यात राज्यातील सर्व शाळांची नोंद आहे: शाळेचा क्रमांक, तालुका आणि जिल्हा. दुसऱ्यात सर्व विद्यार्थ्यांची नावे असून प्रत्येकासमोर त्याच्या शाळेचा क्रमांक आहे. तिसऱ्यात गणिताचे गुण आहेत, पण तेथे विद्यार्थ्याचे नाव नाही, फक्त त्याचा परीक्षा क्रमांक आहे. साहेबांनी तुम्हांला सांगितले, "महाबळेश्वर तालुक्यातील ज्या मुलांना गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, त्यांची नावे काढा." तुम्ही आधी कोणते दप्तर उघडाल?

एक रीत अशी. शाळांच्या दप्तरातून महाबळेश्वर तालुक्याच्या शाळा निवडायच्या, त्या शाळांतील मुले दुसऱ्या दप्तरात शोधायची आणि मग त्यांतील प्रत्येक मुलाचे गुण तिसऱ्या दप्तरात पाहायचे. दुसरी रीत नेमकी उलटी. गुणांच्या दप्तरातून १०० गुणवाले परीक्षा क्रमांक काढायचे, त्यांची नावे व शाळा शोधायच्या आणि शेवटी शाळा महाबळेश्वर तालुक्यातील आहे का ते तपासायचे. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते. पण एका रीतीने काम दहा मिनिटांत आटोपेल, तर दुसऱ्या रीतीने दिवस मोडेल. कोणती रीत कोणती, हे कशावर ठरते? तालुक्यात एकूण मुले किती आणि राज्यात १०० गुण मिळवणारे किती, या दोन संख्यांवर. गंमत अशी की काम सुरू करण्यापूर्वी या दोन्ही संख्या तुम्हांला माहीत नसतात. त्यांचा अंदाजच करावा लागतो.

संगणकातील माहितीसाठ्याला, म्हणजे डेटाबेसला, प्रत्येक प्रश्नापूर्वी हेच कोडे सोडवावे लागते. तो ते कसे सोडवतो आणि कधी फसतो, हे आज पाहू.

काय हवे ते सांगा, कसे ते नको

इ. एफ. कॉड यांनी १९७० साली अशी कल्पना मांडली की सर्व माहिती सारण्यांमध्ये ठेवावी आणि विचारणाऱ्याने फक्त काय हवे तेवढेच सांगावे. माहिती कोणत्या वाटेने शोधायची हे यंत्राने ठरवावे. आपला प्रश्न एसक्यूएल या भाषेत असा लिहितात:

```
SELECT v.nav
FROM shala s
JOIN vidyarthi v ON v.shala_id = s.shala_id
JOIN ganit g ON g.vidyarthi_id = v.vidyarthi_id
WHERE s.taluka = 'Mahabaleshwar'
  AND g.gun = 100;
```

`JOIN` म्हणजे दोन सारण्यांतील जुळणाऱ्या ओळींची जोड लावणे. यात शाळांची सारणी प्रथम लिहिली आहे, म्हणून यंत्राने तेथूनच सुरुवात करावी असा मात्र याचा अर्थ नाही. क्रम ठरवण्याचे काम डेटाबेसमधील एका स्वतंत्र भागाकडे असते. त्याला आपण 'नियोजक' म्हणू. नियोजक निरनिराळ्या रीती कागदावर मांडतो, प्रत्येकीचा खर्च काढतो आणि सर्वांत स्वस्त रीत निवडतो. ही पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' नावाचा डेटाबेस तयार होत होता, त्यासाठी ती होती. आजचे बहुतेक डेटाबेस मूलतः त्याच वाटेने जातात.

खर्च कसा मोजायचा?

सारणी तबकडीवर पानापानांनी साठवलेली असते आणि यंत्र एका वेळी एक संपूर्ण पान वाचते. पाने ओळीने वाचत गेले तर काम भराभर होते. मात्र एक पान येथले, दुसरे तिकडचे असे वाचायचे झाले तर वेळ लागतो. फिरत्या चुंबकीय तबकडीत याचे कारण सरळ यांत्रिक आहे. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १२० फेरे होतात. हवे ते पान वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. शिवाय शीर्ष त्या वर्तुळापर्यंत सरकण्यास त्याच्या साधारण दुप्पट वेळ जातो. म्हणजे एका सुट्या पानाला सुमारे १/८० सेकंद लागतो.

पोस्टग्रेस हा आज सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्यात ओळीने वाचलेल्या पानाला १ आणि सुट्या पानाला ४ असा खर्च मुळात ठरवून दिलेला असतो. फिरत्या तबकडीवर खरा फरक याहून बराच मोठा असतो, पण बरीचशी पाने आधीच संगणकाच्या स्मृतीत असतील असे धरून ४ हा आकडा घेतलेला आहे. प्रत्येक ओळ तपासण्याचाही अल्पसा खर्च धरतात. आपल्या हिशेबात आपण तो सोडून देऊ.

आता आपल्या सारण्या पाहू. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून सर्व आकडे गोल व काल्पनिक घेतले आहेत. शाळा २०,०००, प्रत्येक शाळेत ८० विद्यार्थी, म्हणजे विद्यार्थी १६,००,०००, आणि गणिताच्या गुणांच्या ओळीही तितक्याच. एका पानावर ४० ओळी मावतात. तेव्हा शाळांची सारणी ५०० पानांची, तर विद्यार्थ्यांची आणि गुणांची प्रत्येकी ४०,००० पानांची होईल. राज्यात ४०० तालुके व ४० जिल्हे धरू. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते तशी सूची दोन्ही मोठ्या सारण्यांना आहे. तिच्या मदतीने शाळेच्या क्रमांकावरून विद्यार्थी, परीक्षा क्रमांकावरून विद्यार्थ्याची ओळ व त्याचे गुण, किंवा गुणांवरून परीक्षा क्रमांक थेट काढता येतात. मात्र अशी काढलेली प्रत्येक ओळ वेगळ्या पानावर असते, म्हणून तिचा खर्च ४.

तीन रीती, तीन खर्च

तीन सारण्या सहा क्रमांनी घेता येतात. पण शाळा आणि गुण या दोन सारण्यांत सामाईक असे काहीच नाही. त्यांची आधी गाठ घालायची तर प्रत्येक शाळेसमोर प्रत्येक गुण मांडावा लागेल. असे क्रम नियोजक बाजूला ठेवतो. उरलेल्यांपैकी तीन रीती विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली रीत: शाळांपासून सुरुवात. शाळांची सारणी सबंध वाचण्याचा खर्च ५००. तालुक्यातील मुलांची संख्या क मानू. प्रत्येक मुलाची ओळ काढण्यास ४ आणि त्याचे गुण पाहण्यास ४, म्हणजे प्रत्येकी ८. एकूण खर्च ५०० + ८ × क.

दुसरी रीत: गुणांपासून सुरुवात. राज्यात १०० गुण मिळवणाऱ्यांची संख्या ख मानू. सूचीवरून त्या ओळी काढण्यास प्रत्येकी ४ आणि त्या मुलाची ओळ काढण्यास ४. शाळांची सारणी एकदाच वाचून स्मृतीत ठेवता येते, तिचे ५००. एकूण खर्च ५०० + ८ × ख.

तिसरी रीत: सूचीच्या भानगडीत न पडता तिन्ही सारण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेकदा वाचायच्या आणि जुळणी स्मृतीत करायची. खर्च ५०० + ४०,००० + ४०,००० = ८०,५००. क आणि ख कितीही असोत, हा खर्च बदलत नाही.

पाहा, सूत्रे किती सोपी आहेत! पहिल्या दोन रीतींतील फरक एवढाच की एकीत क आहे आणि दुसरीत ख. निवड या दोन संख्यांवर ठरते. आता नियोजकाने त्या आणायच्या कोठून?

अंदाज आणि त्यामागील गृहीते

नियोजकाजवळ काही माहिती नसेल तर तो समान वाटणी गृहीत धरतो. तालुके ४००, म्हणून एका तालुक्यात २०,००० ÷ ४०० = ५० शाळा आणि ५० × ८० = ४,००० मुले. गुणांच्या निरनिराळ्या किमती साधारण १००, म्हणून १०० गुणवाले १६,००,००० ÷ १०० = १६,०००. (सिस्टिम आर तर याहून धीट होती. एखाद्या स्तंभावर सूची नसेल, तर 'अमुक बरोबर तमुक' या अटीतून दहांतील एक ओळ उरते असे ती सरळ धरून चालत असे.)

आता खर्च काढू. पहिली रीत ५०० + ८ × ४,००० = ३२,५००. दुसरी रीत ५०० + ८ × १६,००० = १,२८,५००. तिसरी ८०,५००. नियोजक पहिली रीत निवडतो.

पण तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे की परीक्षेचे गुण समान वाटलेले नसतात. पन्नाशी-साठीच्या आसपास मुलांची गर्दी आणि शंभरावर अगदी थोडी. खरे १०० गुणवाले केवळ ४०० असतील, तर दुसऱ्या रीतीचा खरा खर्च ५०० + ८ × ४०० = ३,७०० एवढाच येतो. म्हणजे नियोजकाने जवळजवळ नऊपट महाग रीत निवडली.

यावर उपाय म्हणजे आधीच थोडी पाहणी करून ठेवणे. पोस्टग्रेसमध्ये `ANALYZE` ही आज्ञा दिली की तो सारणीतून सुमारे ३०,००० ओळींचा नमुना घेतो. प्रत्येक स्तंभात नेहमी आढळणाऱ्या किमती कोणत्या व त्यांचे प्रमाण काय, याचा तक्ता तो करून ठेवतो. आपल्या १६ लाख ओळींतील ४०० म्हणजे दर ४,००० ओळींत एक. ३०,००० च्या नमुन्यात अशा सात-आठ ओळी येतील. त्यांवरून ख सुमारे ४०० आहे हे बऱ्यापैकी कळते. आता दुसरी रीत ३,७०० ला पडते आणि नियोजक तीच निवडतो. क्रम उलटला! प्रश्नातले एक अक्षरही न बदलता केवळ अंदाज सुधारल्याने यंत्र दुसऱ्या दप्तरापासून सुरुवात करू लागले.

एक निरुपद्रवी अट

येथे गोष्ट संपली असती, पण खरी मेख पुढेच आहे. समजा, प्रश्न लिहिणाऱ्याने अधिक काळजी घेण्यासाठी आणखी एक अट घातली:

```
WHERE s.taluka = 'Mahabaleshwar'
  AND s.jilha = 'Satara'
  AND g.gun = 100;
```

महाबळेश्वर तालुका सातारा जिल्ह्यातच आहे. त्यामुळे या अटीने एकही शाळा गळणार नाही. पूर्वी ५० होत्या, आताही ५० च. पण नियोजकाला भूगोल येत नाही. त्याच्या लेखी तालुका आणि जिल्हा हे दोन अलग स्तंभ आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे तो धरतो. दोन स्वतंत्र घटना एकदम घडण्याची शक्यता काढताना आपण शक्यतांचा गुणाकार करतो. तोही तसेच करतो: १/४०० × १/४० = १/१६,०००. मग शाळा २०,००० ÷ १६,००० = १.२५. पूर्णांकात मांडून १ शाळा, म्हणजे ८० मुले.

आता पहिल्या रीतीचा कागदावरील खर्च ५०० + ८ × ८० = १,१४० होतो. दुसरीचा ३,७०० आहेच. नियोजक साहजिकच पहिली रीत उचलतो. प्रत्यक्षात मात्र ५० शाळा व ४,००० मुले निघतात आणि खर्च ३२,५०० होतो. फिरती तबकडी असून एकही पान आधी स्मृतीत नसेल, तर ८,००० सुटी पाने वाचण्यास ८,००० ÷ ८० = १०० सेकंद. दुसऱ्या रीतीत ८०० सुट्या पानांना १० सेकंद पुरले असते. आजच्या फिरता भाग नसलेल्या साठवणीत दोन्ही वेळा पुष्कळ कमी होतील, पण वाचावयाच्या पानांचे दहास एक हे प्रमाण तसेच राहील.

लक्षात घ्या, येथे बेरीज-गुणाकार चुकलेला नाही. खर्चाचे सूत्रही चुकलेले नाही. चुकली ती सूत्रात घातलेली संख्या. आणि उत्तर शेवटी बरोबरच येते, म्हणून ही चूक सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. "आज यंत्र मंद चालते आहे" एवढेच लोक म्हणतात.

चूक ओळखायची कशी?

प्रश्नाच्या आधी `EXPLAIN ANALYZE` हे दोन शब्द लिहिले, तर पोस्टग्रेस तो प्रश्न प्रत्यक्ष चालवतो आणि प्रत्येक पायरीवरील अंदाज व वस्तुस्थिती शेजारी शेजारी छापतो. आपल्या उदाहरणात शाळांची पायरी साधारण अशी दिसेल:

```
Seq Scan on shala s
  (cost=0.00..800.00 rows=1 width=4)
  (actual time=0.031..4.210 rows=50 loops=1)
```

पहिल्या कंसातील `rows=1` हा अंदाज आणि दुसऱ्यातील `rows=50` ही वस्तुस्थिती. खर्च ५०० ऐवजी ८०० दिसतो, कारण आपण सोडून दिलेला ओळी तपासण्याचा खर्च त्यात धरलेला आहे. हे वाचण्याची रीत अशी: सर्वांत आतल्या पायरीपासून सुरुवात करावी आणि अंदाज व प्रत्यक्ष यांच्यात जेथे प्रथम मोठे अंतर दिसेल तेथे थांबावे. रोग तेथेच असतो. पुढच्या पायऱ्यांतील चुका बहुधा त्याच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे ती फाजील अट काढून टाकणे. दुसरा, नियोजकाला भूगोल शिकवणे. २०१७ साली आलेल्या पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून तशी सोय आहे:

```
CREATE STATISTICS shala_sambandh (dependencies)
  ON taluka, jilha FROM shala;
ANALYZE shala;
```

यामुळे पाहणी करताना तालुका व जिल्हा हे दोन स्तंभ एकत्र तपासले जातात. तालुका कळला की जिल्हा ठरतोच, हे यंत्राच्या ध्यानात येते आणि अंदाज पुन्हा ५० च्या जवळ जातो.

चुका वाढत कशा जातात?

प्रयोगशाळेत आयताचे क्षेत्रफळ काढताना लांबीत २ टक्के व रुंदीत ३ टक्के चूक असेल, तर क्षेत्रफळात ५ टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते, हे तुम्ही शिकला आहात. येथेही तोच प्रकार, पण चुका टक्क्यांच्या नसून पटींच्या असतात. पहिल्या पायरीत ५० पट चूक झाली, पुढच्या जोडीत आणखी ४ पट त्याच दिशेने झाली, तर मिळून २०० पट होते. जितक्या सारण्या जास्त, तितके गुणाकार जास्त.

सारण्या वाढल्या की क्रमही भराभर वाढतात. दहा सारण्या एकामागून एक घेण्याचे ३६,२८,८०० क्रम होतात. एवढे सगळे तपासणे टाळण्याची युक्ती सेलिंजर यांच्या पद्धतीत आहे. एखादा गट, उदाहरणार्थ शाळा व विद्यार्थी, सर्वांत स्वस्तात कसा जोडता येईल ते एकदा काढून ठेवायचे आणि मोठ्या गटाचा हिशेब करताना तेच उत्तर पुन्हा वापरायचे. दहा सारण्यांचे गट फक्त १,०२३ होतात. म्हणजे क्रमांच्या जंगलातून वाट काढणे जमले. न जमलेली गोष्ट आहे ती अंदाजाची.

याची तपासणी म्युनिक येथील व्हिक्टर लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१५ साली प्रसिद्ध केली. चित्रपटांविषयीच्या खऱ्याखुऱ्या माहितीवर त्यांनी ११३ प्रश्न घेऊन निरनिराळे डेटाबेस तपासले. त्यांना असे दिसले की जोडांची संख्या वाढते तसे अंदाज अधिकाधिक चुकतात आणि बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमीच येतात. खर्चाच्या सूत्रातील दोषांचा परिणाम त्यामानाने किरकोळ ठरला. कमी का येतात, हे आता तुम्ही सांगू शकाल. खऱ्या जगातील गोष्टी तालुका-जिल्ह्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांना सुट्या समजून अपूर्णांकांचा गुणाकार केला की उत्तर लहान लहान होत जाते.

स्वतः सोडवून पाहा

१. एका तालुक्यात १२५ शाळा आहेत. पहिल्या रीतीचा खर्च काढा आणि तिसऱ्या रीतीशी ताडून पाहा. त्याहून मोठ्या तालुक्यासाठी या दोहोंपैकी कोणती रीत स्वस्त?

२. एखाद्या शहरी तालुक्यात १,००० शाळा आहेत, पण नियोजक समान वाटणी धरून ५० च समजतो. १०० गुणवाल्यांचा त्याचा अंदाज १६,००० च आहे. तो कोणती रीत निवडेल, आणि प्रत्यक्ष खर्च किती येईल?

३. प्रश्नात चुकून `taluka = 'Mahabaleshwar'` आणि `jilha = 'Pune'` असे लिहिले गेले. प्रत्यक्षात किती शाळा मिळतील? स्तंभ स्वतंत्र धरणाऱ्या नियोजकाचा अंदाज किती असेल?

(उत्तरे: १. दोन्ही रीतींचा खर्च ८०,५००. मोठ्या तालुक्यासाठी तिसरी रीत. २. पहिली रीत. प्रत्यक्ष खर्च ६,४०,५००, म्हणजे तिसरीच्या जवळजवळ आठपट. ३. एकही नाही. अंदाज मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे १.)